शंभर गुणांची अवतरणं

संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेला वैकल्पिक विषय म्हणून मराठी साहित्य घेणाऱ्याला दोन पेपर लिहावे लागतात. प्रत्येकी २५० गुण, प्रत्येकी तीन तास. पहिला पेपर भाषेचा, लोकसाहित्याचा, साहित्याच्या इतिहासाचा आणि समीक्षेचा. दुसरा पेपर पुस्तकांचा. त्यात ‘अ’ विभागात गद्य आणि ‘ब’ विभागात पद्य. एकूण आठ प्रश्नांपैकी पाच सोडवायचे. पहिला आणि पाचवा सक्तीचा, उरलेल्या सहांतले कुठलेही तीन, मात्र प्रत्येक विभागातला किमान एक.

सक्तीचे हे दोन प्रश्न अवतरणांचे असतात. नेमलेल्या पुस्तकांतले पाच उतारे देतात आणि प्रत्येकाचं संदर्भासह स्पष्टीकरण सुमारे दीडशे शब्दांत मागतात. एका उताऱ्याला दहा गुण, म्हणजे गद्याचे पन्नास आणि पद्याचे पन्नास. अडीचशेतले शंभर गुण इथेच गेले. या शंभर गुणांत विद्यार्थ्याला निवड नाही. पाचपैकी तीन सोडवा, असली सवलतही नाही.

तरीही बहुतेकांच्या तयारीत अवतरणं शेवटच्या महिन्यात येतात. कारण सरळ आहे. ‘ब्राह्मणकन्या’तल्या कालिंदीचं व्यक्तिचित्र रेखाटा, हा प्रश्न ओळखीचा वाटतो, त्याचं उत्तर तयार करून ठेवता येतं, क्लासच्या नोट्समध्ये ते मिळतंही. अवतरण कुठल्या पानावरून येईल, कोण सांगणार? मग जे हाती लागत नाही ते पुढे ढकललं जातं. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका गोळा करून ‘वारंवार विचारलेले प्रश्न’ काढायची जी पद्धत मुलांत रूढ आहे, तिची पहिली गफलत हीच. वहीत व्यक्तिरेखा आणि आशयाचे प्रश्न नीट उतरवले जातात, अवतरणं मात्र ‘काय, दरवर्षी वेगळीच’ म्हणून सोडून दिली जातात.

प्रश्नपत्रिका मिळवणं आता अवघड नाही. आयोगाच्या संकेतस्थळावर जुन्या पत्रिका पीडीएफमध्ये आहेत आणि त्या फुकट आहेत. अप्पा बळवंत चौकात त्यांचे बांधलेले संचही विकत मिळतात. कुठून सुरुवात करायची, एवढं मात्र ठरवावं लागतं. २०१३ साली मुख्य परीक्षेची रचना बदलली. त्याआधी दोन वैकल्पिक विषय असत आणि त्यांचे पेपर तीनशे गुणांचे असत. आता विषय एकच आणि पेपर अडीचशेचा. साहजिकच २०१३ पूर्वीच्या पत्रिकेतला प्रश्न आशयासाठी उपयोगी पडतो, पण त्याचे गुण आणि लांबी आजच्या मापात बसत नाही. साठ गुणांसाठी लिहायचं उत्तर वीस गुणांच्या जागी कोंबलं तर चौथा प्रश्न घाईत होतो आणि पाचवा अर्धा राहतो. जुनी पत्रिका हाती आली की तिच्यातलं पुस्तक आजच्या यादीत आहे का, हेही आधी पाहून घ्यावं. वगळलेल्या पुस्तकावरचे प्रश्न वहीत भरून ठेवणारे दरवर्षी भेटतात.

यादी छोटी नाही. गद्यात ‘स्मृतिस्थळ’, महात्मा फुल्यांची ‘शेतकऱ्याचा असूड’ आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’, केतकरांची ‘ब्राह्मणकन्या’, अत्र्यांचं ‘साष्टांग नमस्कार’, शरच्चंद्र मुक्तिबोधांची ‘जन हे वोळतु जेथे’, उद्धव शेळक्यांचं ‘शिळान’, बाबुराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’, गौरी देशपांड्यांचं ‘एकेक पान गळावया’ आणि प्र. ई. सोनकांबळ्यांचं ‘आठवणींचे पक्षी’. पद्यात नामदेवांच्या अभंगांपासून नामदेव ढसाळांपर्यंत नऊ नोंदी. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या महानुभाव गद्यापासून गोलपिठ्याच्या कवीपर्यंतचा हा पट एका माणसाला तीन तासांत ओलांडायचा असतो.

आता थोडं गणित. दीर्घ प्रश्नाचे सहसा तीन भाग असतात, वीस, पंधरा आणि पंधरा गुणांचे. म्हणजे ‘अ’ विभागात तीन दीर्घ प्रश्नांचे मिळून नऊ उपप्रश्न आणि पाच उतारे. एकूण चौदा जागा आणि लेखक नऊ. याचा अर्थ जवळजवळ प्रत्येक पुस्तक दरवर्षी कुठल्या ना कुठल्या रूपात पत्रिकेत येऊ शकतं. त्यामुळे ‘शिळान यंदा येणार का’ हा अभ्यासिकेतला लाडका प्रश्नच चुकीचा आहे. ते दीर्घ प्रश्नात येईल की उताऱ्यात, एवढाच सवाल उरतो.

पुस्तक सोडण्याचा हिशेबही इथेच फसतो. समजा, कुणी नऊपैकी तीन पुस्तकं ‘कमी विचारली जातात’ म्हणून बाजूला ठेवली. उपप्रश्न नऊ, प्रत्येक पुस्तकावर एक, आणि ते तीन दीर्घ प्रश्नांत कसेही वाटले गेले, असं धरून मोजलं तर साधारण तीनात एकदा ती तीन पुस्तकं तीन वेगवेगळ्या प्रश्नांत एकेक जाऊन बसतात. तसं झालं की पूर्ण येणारा एकही प्रश्न उरत नाही. प्रत्येकात पंधरा-वीस गुणांचं भगदाड. सहा पुस्तकं उत्तम तयार असूनही. शिवाय सोडलेल्या पुस्तकांतला उतारा सक्तीच्या प्रश्नात आला तर ते दहा गुण वेगळेच गेले.

‘तीन वर्षं आलं नाही, म्हणजे यंदा नक्की’ हाही एक आवडता तर्क. २०१३ ते २०२४ या बारा पत्रिकांत एका विभागाच्या चौदा जागा धरल्या तर एकूण १६८ होतात. नऊ लेखकांत वाटल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला अठरा-एकोणीस. त्यातले व्यक्तिरेखेवरचे किती, आशयावरचे किती, असं आणखी तोडत गेलं की हातात पाच-सहा प्रश्न राहतात. पाच-सहा प्रश्नांवरून पुढच्या वर्षाचं भाकीत करणं हा ज्योतिषाचा प्रांत आहे, अभ्यासाचा नव्हे.

मग जुने प्रश्न गोळा कशाला करायचे? पुढे काय येईल हे सांगण्यासाठी नव्हे, तर पुस्तक कसं वाचायचं हे ठरवण्यासाठी. नांदेडकडची एक उमेदवार सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत ज्या पद्धतीनं वही करत होती, ती इथे सविस्तर सांगण्यासारखी आहे. ‘वर्षवार लिहिलं की काहीच दिसत नाही,’ असं तिचं म्हणणं. ‘पुस्तकवार लिहिलं की परीक्षक कुठे कुठे बोट ठेवतात ते कळतं.’

तिनं प्रत्येक पुस्तकाला वहीची चार पानं दिली होती. पहिल्या पानावर व्यक्तिरेखांचे प्रश्न, दुसऱ्यावर आशयाचे, तिसऱ्यावर रूपाचे, म्हणजे भाषा, निवेदन, विनोद, रचना यांचे, आणि चौथ्यावर अवतरणं. प्रत्येक नोंदीपुढे वर्ष आणि गुण. प्रश्न जसाच्या तसा उतरवून त्याखाली एका ओळीत तो नेमकं काय मागतो, ते तिच्या शब्दांत. शेवटची ही ओळ लिहायला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि वहीची सगळी किंमत तिच्यातच असते.

‘ब्राह्मणकन्या’ घेऊ. १९३० साली आलेली ही कादंबरी ज्ञानकोशकार केतकरांची. त्यामुळे तिच्याकडे कथेइतकंच समाजशास्त्र म्हणून पाहिलं जातं. अप्पासाहेब डग्गे ब्राह्मण, पण त्यांच्या बायकोच्या जन्मामागे समाजाला न चालणारा संबंध. त्याचा डाग मुलांच्या माथी. मोठी मुलगी कालिंदी शिकलेली, स्वतंत्र विचारांची. ब्राह्मण समाज तिला आपली म्हणत नाही, आणि ती लिंगायत व्यापारी शिवशरणप्पाबरोबर लग्नावाचून राहायला निघून जाते. पुढे रामराव येतो. दुसऱ्या बाजूला नवी स्मृती लिहायला निघालेले वैजनाथशास्त्री आहेत, समाजाचे कायदे नव्यानं मांडू पाहणारे.

या कादंबरीवर प्रश्न किती प्रकारे येऊ शकतात, बघा. कालिंदीची व्यक्तिरेखा. कालिंदीचं बंड. कालिंदीच्या रूपानं उभा राहिलेला स्त्रीचा प्रश्न. जातिव्यवस्थेचं चित्रण. केतकरांचा समाजशास्त्रीय दृष्टिकोन. विचार कलेवर मात करतो का? वैजनाथशास्त्री हे पात्र की लेखकाचं मुखपत्र? शीर्षकाची समर्पकता. वरवर आठ प्रश्न. तळाशी दोनच. पहिला, कालिंदीचं जे होतं ते तिच्या स्वभावामुळे की समाजानं तिला दिलेल्या जागेमुळे? दुसरा, ही कादंबरी आहे की कादंबरीच्या वेषातलं समाजशास्त्र? आठ उत्तरं पाठ करण्यापेक्षा या दोन प्रश्नांवर पुस्तक नीट वाचून ठेवलं तर आठांपैकी कुठलाही समोर आला तरी लिहिता येतं. शीर्षकाचा प्रश्नसुद्धा पहिल्यातच मोडतो. जिला ब्राह्मण समाज ब्राह्मण मानायला तयार नाही, तिला लेखक ब्राह्मणकन्या म्हणतो, ही त्या नावातली खोच आहे.

तयार उत्तर कसं अंगलट येतं, तेही इथेच दिसतं. वहीत ‘कालिंदीचं व्यक्तिचित्र’ घोटून घोटून तयार आहे. जन्म, शिक्षण, शिवशरणप्पा, अपेक्षाभंग, रामराव, निष्कर्ष. पत्रिकेत प्रश्न येतो तो असा काहीसा, की कालिंदीचं बंड समाजरचनेतून जन्मतं, या विधानाची साधार चर्चा करा. हात आपोआप तयार उत्तर लिहू लागतो. दीड पान कथानक होतं. बंड समाजरचनेतून आलं की नाही, हे शेवटच्या तीन ओळींत उरकलं जातं. परीक्षकाला हे पहिल्या परिच्छेदातच कळतं, कारण तिथे विधान नसतं, जन्मतारीख असते.

तेच उत्तर वळवायचं कसं? पहिल्याच वाक्यात बाजू घ्यायची. उदाहरणार्थ, कालिंदीला बंडाशिवाय दुसरा रस्ता समाजानं ठेवलाच नव्हता, पण त्या रस्त्यावर ती ज्या शांतपणे चालते तो स्वभाव तिचा स्वतःचा. मग पुराव्याचे तीन प्रसंग. लग्नाच्या बाजारातली तिची अडचण, शिवशरणप्पाकडे जाण्याचा निर्णय आणि तो कोसळल्यावर ती स्वतःला कशी सावरते ते. वैजनाथशास्त्री इथे कामी येतात, कारण जो नियम कालिंदीला बाहेर ढकलतो तोच बदलायला ते निघालेत. व्यक्तिरेखेचा प्रश्न सोडवताना आशयाच्या पानावरची नोंद उपयोगी पडली. चार पानं वेगळी ठेवायची ती शोधायला सोपं जावं म्हणून. उत्तर लिहिताना ती एकत्र यायलाच हवीत.

आता पुन्हा चौथ्या पानाकडे. अवतरण पुन्हा तेच येत नाही, हे बऱ्याच अंशी खरं. पण अवतरणं कुठून येतात, यात एक तऱ्हा सापडते. बारा वर्षांचे उतारे पुस्तकात शोधून त्यांच्या पानांवर पेन्सिलीनं खुणा केल्या की दिसतं, खुणा पुस्तकभर सारख्या पसरत नाहीत. एखाद्या पात्राचं मन पालटतं तिथे, दोन माणसं समोरासमोर येतात तिथे, लेखक कथा थांबवून स्वतः बोलतो तिथे, कवितेच्या शेवटच्या कडव्यात त्या दाटतात. पुढच्या वर्षीचा उतारा याच खुणांच्या आसपास शोधावा. वाचून ठेवायची ती पानं, वाक्यं नव्हेत.

बागुलांच्या १९६३ च्या संग्रहातली शीर्षककथा याचं उत्तम उदाहरण. निवेदक रेल्वेत नोकरीला लागलेला, कविता करणारा. परगावी खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही. रामचरण तिवारी त्याला उच्चवर्णीय समजून घरात मान देतो. त्याच रेल्वेत काशीनाथ सकपाळ आहे, तोही दलित, पण जात न लपवता, वेळ पडली तर चाकू काढायला तयार असलेला. शेवटी निवेदकाची जात उघडी पडते, त्याला मार बसतो आणि काशीनाथ त्याला सोडवून नेतो. मग त्या दोघांत जे बोलणं होतं, त्यात आपल्याला मारणारं खरं कोण, याचा निवाडा आहे.

या कथेतला एखादा संतप्त उतारा पत्रिकेत आला की पहिला धोका बोलणारा ओळखण्याचा. संताप आहे म्हणजे काशीनाथ, असं मानून लिहायला बसणारे खूप. निवेदकाचा संताप आतला असतो, तो व्यक्तींवरून व्यवस्थेकडे जातो. काशीनाथाचा समोरच्या माणसावर तुटून पडतो. बोलणारा चुकला की पुढचं सगळं स्पष्टीकरण सुंदर भाषेत चुकतं. म्हणून चौथ्या पानावर उताऱ्यापुढे चार गोष्टी लिहायच्या. कोण बोलतो, कोणाला, कथेत कोणत्या क्षणी, आणि त्या बोलण्यानंतर काय बदलतं. दीडशे शब्दांत संदर्भाला तीसचाळीस शब्द पुरतात. पन्नाससाठ शब्द अर्थाला द्यावेत. उरलेल्यात भाषेचं किंवा रचनेचं एखादं वैशिष्ट्य आणि पूर्ण कृतीत त्या उताऱ्याची जागा. लेखकाचा जन्म, पुरस्कार, इतर पुस्तकं यांना इथे अजिबात जागा नाही, तरी पहिल्या चार ओळी नेमक्या त्यातच खर्ची पडतात.

फुल्यांच्या बाबतीत अडचण वेगळी. यादीत एका लेखकाची दोन पुस्तकं आहेत आणि दोन्हींत धर्माच्या नावानं होणाऱ्या लुटीवर प्रहार आहे. उतारा कुठला? ‘असूड’ १८८३ चं, शेतकऱ्याच्या दैन्याची कारणं एकामागून एक मांडत जाणारं. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ फुल्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये छापलं गेलं, आणि ते मोठ्या प्रमाणात प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. शेती, सारा, सरकारी कामगार, शेतकऱ्याचं घर यांचा उल्लेख असेल तर पहिलं. निर्मिक, सत्यवर्तन, स्त्रीपुरुषांचे हक्क यांची चर्चा संवादातून चालली असेल तर दुसरं. दोन्ही पुस्तकं एकदा शेजारी ठेवून तासभर चाळली तरी ही गल्लत टळते. नोट्समध्ये मात्र दोन्ही ‘फुले यांचे विचार’ या एकाच मथळ्याखाली असतात.

कवितेत बोलणारा ओळखणं आणखी निसरडं. कुसुमाग्रजांची ‘विशाखा’ १९४२ ची. त्यातल्या ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ या कवितेत बोलते ती पृथ्वी, सूर्याशी. ‘कोलंबसाचे गर्वगीत’मध्ये कोलंबस समुद्राला आव्हान देतो. यातलं कडवं आलं आणि विद्यार्थ्यानं ‘कवी येथे आपल्या प्रेयसीला म्हणतो’ असं लिहिलं की खेळ संपला. कुसुमाग्रज भव्य प्रतिमेच्या तोंडून माणसाची जिद्द बोलवतात, हे त्या दहा गुणांचं मर्म. मूळ कविता न वाचता आशयाच्या टिपणावर विसंबलेल्याला पृथ्वी बोलते आहे, हेच ठाऊक नसतं.

ग्रेसांपाशी मात्र ही पद्धत लंगडी पडते, हे मान्य करायला हवं. ‘संध्याकाळच्या कविता’मधल्या ओळीत कोण कोणाला काय म्हणतं, असा सरळ हिशेब बसत नाही. तिथे प्रश्नांच्या नोंदींपेक्षा प्रतिमांच्या नोंदी बऱ्या. संध्याकाळ, आई, दुःख यांच्याशी येणाऱ्या प्रतिमा कुठे कुठे परततात, ते एका पानावर मांडून ठेवायचं आणि उतारा आला की त्या प्रतिमांचा धागा धरायचा. स्पष्टीकरणात ‘दुर्बोध’ या शब्दामागे लपणं सोपं असतं. त्यानं गुण मिळत नाहीत.

सुर्वे आणि ढसाळ यांच्यातही गल्लत होते, कारण दोघेही मुंबईचे, दोघेही खालच्या थरातलं जग आणणारे. सुर्व्यांच्या कवितेत कामगार माणूस म्हणून उभा राहतो, आणि बोलण्याचा सूर बहुधा संवादाचा असतो. ढसाळांची भाषा शिवीसकट, वस्तीसकट अंगावर येते. दोन्ही संग्रहांतल्या पाच-पाच कविता मोठ्यानं वाचल्या तर हा फरक कान सांगतो. नोट्सला कान नसतात.

आयोग मुख्य परीक्षेच्या वैकल्पिक विषयांची आदर्श उत्तरं प्रसिद्ध करत नाही. बाजारात ‘मॉडेल अॅन्सर’ म्हणून जे मिळतं ते लिहिणाऱ्याचं मत. त्यात चांगलीही असतात, पण एकाच पुस्तकातलं उत्तर शेदोनशे जणांनी पाठ केलं की परीक्षकापुढे तेच तीन प्रसंग, तीच उपमा, तोच समारोप पुन्हा पुन्हा येतो. त्यापेक्षा वहीतल्या दोन तळाच्या प्रश्नांसाठी प्रसंग आपण निवडावेत. सगळे कालिंदीवर लिहीत असताना वैजनाथशास्त्र्यांकडून सुरू केलेलं उत्तर परीक्षकाला थांबवतं.

वही तयार झाली की तिची एक चाचणी घेता येते. अभ्यासिकेतल्या सोबत्यानं पुस्तक कुठेही उघडून चार ओळी वाचायच्या, आणि वही न बघता बोलणारा, ऐकणारा आणि क्षण सांगायचा. पाचातले तीन उतारे ओळखता आले तर तयारी मार्गावर आहे. एक-दोनच आले तर प्रश्नांची वही मिटून पुस्तक उघडायचं. आशयाच्या पानावर कितीही बारीक अक्षरात टिपणं असली तरी.

या पद्धतीला वेळ लागतो. एका पुस्तकाच्या बारा वर्षांच्या नोंदी उतरवून, तळाचे प्रश्न काढून, उतारे पुस्तकात शोधून खुणा करायला दोन-तीन दिवस सहज जातात. अठरा नोंदी धरल्या तर दीड महिना. पूर्व परीक्षेनंतर मुख्य परीक्षेपर्यंत जे दिवस मिळतात त्यात सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि निबंधही असतो, म्हणून हे काम पूर्व परीक्षेच्या आधीच उरकलेलं बरं. आणि सुरुवात करायची ती चौथ्या पानापासून, कारण शंभर गुण तिथे आहेत.